अंगठ्याखाली दडलेला शब्द: दोन वर्गांच्या सरासरीतील फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल

फोटो एका छापील कागदाचा आहे. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांची एकच परीक्षा झाली आणि तिच्या निकालाचा गोषवारा दोन ओळींत छापला आहे. कागद हातात धरून मोबाईलने टिपलाय. वरच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा आला आहे आणि मधोमध दिव्याची तिरीप चमकते आहे. कागदाच्या माथ्यावर परीक्षेचं स्वरूप स्पष्ट वाचता येतं: शंभर बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. त्याखाली हा तक्ता:

| वर्ग | N | Mean | Min | Max | Std. … |
|---|---|---|---|---|---|
| अ | ३२ | ६८.४१ | ४१ | ९३ | २.०५ |
| ब | २७ | ६१.?६ | २८ | ८९ | २.७५ |

प्रश्नचिन्हाच्या जागी तिरीप आहे. तिथल्या अंकाची वरची आणि खालची कड तेवढी दिसते, दोन्ही गोल. शेवटच्या रकान्याच्या शीर्षकातलं `Std.` दिसतं आणि पुढचा शब्द अंगठ्याखाली गेलाय.

फोटो पाठवणाऱ्या शिक्षिका वर्ग ‘अ’ला शिकवतात. त्या वर्गात दर आठवड्याला छोटी चाचणी घ्यायची पद्धत त्यांनी सुरू केली होती, ‘ब’मध्ये ती नव्हती. त्यांनी झाकलेला अंक शून्य धरला, शेवटचा रकाना प्रमाण विचलनाचा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा धरला आणि पंचाण्णव टक्क्यांचा इंटरव्हल काढला. उत्तर आलं ६.१ ते ८.६ गुण. सोबत संदेश होता: “सर, ‘अ’ वर्ग किमान सहा गुणांनी पुढे आहे असं अहवालात लिहू ना? आकडेमोड दोनदा तपासली आहे.”

आकडेमोड खरंच बरोबर होती. २.०५ ला √३२ ने भागलं की ०.३६, २.७५ ला √२७ ने भागलं की ०.५३. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की ०.६४. त्याला सुमारे २.०१ ने गुणलं की १.२९. सरासरींतला फरक ७.३५, त्याच्या दोन्ही बाजूंना १.२९. सूत्र योग्य, पायऱ्या योग्य. हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ मात्र त्यांनी गृहीत धरला होता, आणि या प्रकरणात सगळं काही त्या अर्थावर ठरतं.

शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करू, कारण तिथला घोळ सर्वांत महागात पडतो. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारीशेजारी छापल्या जाणाऱ्या दोन राशींची नावं जवळपास सारखीच सुरू होतात. एसपीएसएसच्या तक्त्यात `Std. Deviation` आणि लगेच पुढे `Std. Error Mean` असतं. एक्सेलच्या वर्णनात्मक गोषवाऱ्यात `Standard Error` आणि `Standard Deviation` दोन्ही येतात. कुणी जागा वाचवायला एकच रकाना ठेवला आणि त्याचं अर्धं नाव झाकलं गेलं, तर नुसत्या `Std.` वरून काहीच ठरत नाही.

या दोन राशी अगदी वेगळं काही सांगतात. प्रमाण विचलन सांगतं की वर्गातल्या मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत. प्रमाण त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर, सांगते की अशाच तऱ्हेने आलेल्या मुलांचे गट पुन्हा पुन्हा घेतले, तर गटाची सरासरी किती इकडे-तिकडे होईल. दुसरी राशी म्हणजे पहिली भागिले √n. ३२ मुलांच्या वर्गात दोन्हींमध्ये साडेपाच पटींहून जास्त तफावत पडते. आकडा प्रमाण त्रुटीचा असताना तो प्रमाण विचलन समजून पुन्हा √n ने भागला, की इंटरव्हल तितक्याच पटीने अरुंद होतो आणि दिसायला मोठा खात्रीचा वाटतो.

मग अंगठ्याखाली काय आहे हे कसं कळावं? शंभर गुणांच्या परीक्षेत २.०५ इतकं कमी प्रमाण विचलन सहसा येत नाही, हा अनुभवाचा दाखला झाला. त्यावर कुणी म्हणेल, आमचा वर्ग वेगळा आहे. इथे त्याहून पक्कं काही हाताशी आहे, कारण तक्त्यात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण दिलेले आहेत.

‘अ’ वर्गात एका मुलाला ४१ आहेत. सरासरीपासून तो २७.४१ ने खाली आहे, या अंतराचा वर्ग ७५१.३. दुसऱ्या एकाला ९३ आहेत. तो २४.५९ ने वर, त्याचा वर्ग ६०४.७. या दोघांचीच बेरीज १३५६ होते. बाकीचे तीसही जण अगदी सरासरीवर बसले आहेत असं क्षणभर समजा, म्हणजे त्यांचा वाटा शून्य. तरीसुद्धा १३५६ भागिले ३१, आणि त्याचं वर्गमूळ ६.६१. प्रमाण विचलन याच्या खाली जाऊच शकत नाही, उरलेल्या तिसांचे गुण काहीही असोत. म्हणजे २.०५ हे प्रमाण विचलन असणं नुसतं अवघड नाही, अशक्य आहे. ‘ब’ वर्गाचा असाच हिशेब केला तर खालची मर्यादा ८.५ येते, आणि तक्त्यात २.७५ आहे. झाकलेला दशांश कोणताही घेतला तरी ही मर्यादा जेमतेम हलते.

दुसऱ्या शक्यताही याच चाळणीतून काढून घेतल्या. आकडा प्रचरणाचा, म्हणजे व्हेरियन्सचा असेल, तर प्रमाण विचलन १.४३ होईल, ते त्याहूनही खाली. कधी कधी लोक ‘±’ म्हणून पंचाण्णव टक्क्यांच्या इंटरव्हलची अर्धी रुंदीच छापतात. तसं असेल तर २.०५ ला २.०४ ने भागून √३२ ने गुणायचं. येतात ५.६८. तेही ६.६१ च्या खाली, म्हणून बाद. राहते प्रमाण त्रुटी. २.०५ गुणिले √३२ म्हणजे ११.६० आणि २.७५ गुणिले √२७ म्हणजे १४.२९. कमाल आणि किमान गुणांमधलं अंतर ‘अ’मध्ये ५२ आहे, प्रमाण विचलनाच्या साधारण साडेचार पट, आणि ‘ब’मध्ये ६१, सव्वाचार पट. तीसेक मुलांच्या गटात एवढं अंतर नेहमीचं असतं. सगळं एकमेकांशी जुळतं.

मला ही तपासणी फार मोलाची वाटते. गोषवाऱ्यात कमाल-किमान गुण दिसले की ते शोभेचे म्हणून सोडून देऊ नयेत. दोन टोकांचे हे दोन आकडे प्रमाण विचलनाच्या बाबतीत साक्षीदाराचं काम करतात. ते नसते, तर मूळ कागद पुन्हा मागवण्याशिवाय इलाज नव्हता.

आता तिरिपीतला अंक. वरून गोल आणि खालून गोल असे छापील इंग्रजी अंक पाचच: 0, 3, 6, 8, 9. पाचाचा माथा सपाट असतो आणि दोनाचा पाया सपाट असतो, म्हणून ते दोन्ही गळले. या पाचांतला कोणता, हे ठरवायला फोटो मोठा करून डोळे ताणण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. गुण पूर्णांकांत आहेत, तेव्हा वर्गाची एकूण बेरीजही पूर्णांकच असणार. त्या बेरजेला २७ ने भागल्यावर दोन दशांशांपर्यंत जे आकडे येऊ शकतात, तेवढेच सरासरी म्हणून छापले जाऊ शकतात. लगतच्या दोन शक्य सरासरींत १/२७, म्हणजे सुमारे ०.०३७ चं अंतर असतं. मधले आकडे कधीच येणार नाहीत.

शून्य धरून बघू. ६१.०६ गुणिले २७ म्हणजे १६४८.६२. बेरीज १६४८ असेल तर सरासरी ६१.०४ आणि १६४९ असेल तर ६१.०७. ६१.०६ येण्याचा रस्ताच नाही. ६१.३६ च्या दोन्ही बाजूंना ६१.३३ आणि ६१.३७ आहेत, तेही बाद. ६१.६६ च्या जागी ६१.६३ किंवा ६१.६७ येईल. ६१.८६ च्या जागी ६१.८५ किंवा ६१.८९. राहिला नऊ: १६७३ भागिले २७ बरोबर ६१.९६३, छापताना ६१.९६. म्हणजे झाकलेला अंक नऊ, आणि जाता जाता वर्गाची एकूण बेरीजही हाती लागली.

ही चाचणी ‘ग्रिम’ नावाने ओळखली जाते. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतल्या सरासऱ्या शक्य तरी आहेत का, हे पाहण्यासाठी निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी ती २०१६ मध्ये मांडली. खराब फोटोतला अंक ओळखायलाही ती तितकीच उपयोगी पडते. तिच्या अटी मात्र नीट पाहाव्या लागतात. पहिली अट, अर्धे गुण नसावेत. अर्धे गुण चालत असते तर बेरीज अर्ध्याच्या टप्प्याने सरकली असती आणि १६४८.५ भागिले २७ म्हणजे ६१.०६ निघालं असतं. मग शून्यही उमेदवार ठरला असता. इथे कागदाच्या माथ्यावर प्रत्येकी एक गुण असं लिहिलेलं आहे, म्हणून ती वाट बंद होते. दुसरी अट, सरासरी रीतसर पूर्णांकित केलेली असावी, नुसते पुढचे दशांश कापून टाकलेले नसावेत. कापले असते तर १६६५ भागिले २७, म्हणजे ६१.६६६…, हे ६१.६६ असं छापलं गेलं असतं आणि सहा शिल्लक राहिला असता. या शंकेचं उत्तर ‘अ’ वर्गाची ओळ देते. २१८९ भागिले ३२ म्हणजे ६८.४०६. कापून छापलं असतं तर ६८.४० दिसलं असतं. छापलंय ६८.४१, आणि दशांश कापून ६८.४१ देईल अशी दुसरी कुठली बेरीजही नाही. म्हणजे पूर्णांकन रीतसर झालंय.

तिसरी अट n ची. मुलांची संख्या हजेरीपटावरची घेऊन चालत नाही, परीक्षेला बसलेल्यांची हवी. पट मोठा असतो, निकाल मोजक्यांचा असतो आणि तक्ता बनवणारा घाईत पटाचा आकडा टाकून देतो, असं होतं. इथे रकान्याचं नाव नुसतं `N` आहे आणि ३२ वर ६८.४१ ही सरासरी बसते. हा पूर्ण पुरावा नाही, पण विसंगती तरी दिसत नाही. शिक्षिकांना विचारल्यावर त्यांनी दोन्ही वर्गांच्या बसलेल्या मुलांची संख्या हीच असल्याचं सांगितलं. एकाही मुलाचं नाव दोन्ही वर्गांत नाही, हेही त्याच वेळी विचारून घेतलं. तीच मुलं दोन्हीकडे असती, तर दोन सरासरींना स्वतंत्र मानणारं सूत्र लावताच आलं नसतं. अशा वेळी प्रत्येक मुलाच्या गुणांतला फरक लागतो, आणि तो गोषवाऱ्यातून परत मिळवता येत नाही.

इतकं ठरल्यावर उरलेलं गणित छोटं आहे. प्रमाण त्रुटी आधीच हातात आहेत, त्यामुळे √n ने भागायची पायरीच नाही. दोघींचे वर्ग मिळवायचे: ४.२०२५ आणि ७.५६२५, बेरीज ११.७६५, वर्गमूळ ३.४३. ही फरकाची प्रमाण त्रुटी. सरासरींतला फरक २१८९/३२ वजा १६७३/२७, म्हणजे ६.४४.

दोन्ही वर्गांतला गुणांचा पसारा एकसारखा आहे असं मानायला इथे काही कारण नाही, ‘ब’मध्ये तो जास्त दिसतोच. म्हणून मी वेल्चची रीत घेतो. १९४७ मध्ये मांडलेल्या या रीतीत दोन्ही वर्गांची प्रचरणं एकत्र मिसळत नाहीत. त्याच्या बदल्यात डिग्रीज ऑफ फ्रीडम हिशेबाने काढाव्या लागतात: फरकाच्या प्रचरणाचा, म्हणजे ११.७६५ चा वर्ग वर. खाली प्रत्येक प्रमाण त्रुटीचा चौथा घात आपापल्या n−१ ने भागून केलेली बेरीज. इथे उत्तर जवळपास ५० येतं, आणि ५० ला टी-कोष्टकात २.००९. गुणाकार ६.८९. आर भाषेत सगळं असं:

```r
n  <- c(32, 27)
m  <- c(2189, 1673) / n
se <- c(2.05, 2.75)
d   <- m[1] - m[2]
sed <- sqrt(sum(se^2))
df  <- sum(se^2)^2 / sum(se^4 / (n - 1))
d + c(-1, 1) * qt(0.975, df) * sed
```

उत्तर −०.४५ ते १३.३३. प्रमाण त्रुटी दोन दशांशांपर्यंतच छापलेल्या असल्याने दुसऱ्या दशांशावर भार टाकू नये. −०.४ ते १३.३ असं लिहिणं प्रामाणिक आहे.

प्रचरणं एकत्र करणारी जुनी रीत वापरली असती तर फरकाची प्रमाण त्रुटी ३.३७ आणि इंटरव्हल −०.३ ते १३.२ आला असता. लहान वर्गात पसारा जास्त असला की ती रीत अनिश्चितता थोडी कमी दाखवते, इथेही तेच झालं. पण वर्गांचे आकार जवळपास सारखे असल्याने तफावत किरकोळ राहिली. या दोन रीतींवरून वाद घालणाऱ्यांना मी हेच दाखवतो: इथे रीत बदलून टोक ०.१ ने हललं, आणि रकान्याचा अर्थ बदलून सगळा इंटरव्हल पाच पटींनी रुंदावला.

झाकलेल्या अंकाचंही तसंच. रकाना बरोबर वाचला पण अंक शून्यच धरला, तर फरक ७.३५ आणि इंटरव्हल ०.५ ते १४.२. शून्य बाहेर पडलं असतं आणि अहवालात “फरक लक्षणीय आहे” असं वाक्य आलं असतं. कागदावरच्या एका तिरिपीने निष्कर्षाची बाजू बदलावी, इतकी ही सीमारेषा जवळ आहे. म्हणूनच इंटरव्हलमध्ये शून्य आहे की नाही एवढंच बघून हो-नाही ठरवणं मला इथे पटत नाही. −०.४ आणि ०.५ या दोन टोकांमध्ये माहितीच्या दृष्टीने फारसं अंतर नाही. १३ गुणांपर्यंतचा फायदा आणि जवळपास काहीच फायदा नाही, ही दोन्ही टोकं या आकड्यांशी सुसंगत आहेत, हा खरा निकाल.

शिक्षिकांना हे वाचून वाईट वाटणं साहजिक होतं. त्यांचा पुढचा प्रश्न होता: “म्हणजे काहीच फरक नाही?” तसंही नाही. शून्य इंटरव्हलच्या अगदी काठावर आहे आणि बहुतेक लांबी धन बाजूला आहे. सर्वांत जुळणारा एक आकडा द्यायचा तर तो ६.४ गुणच. फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सात गुणांची मोकळीक आहे, आणि एवढ्या मुलांच्या गोषवाऱ्यातून ती आणखी आवळता येत नाही. पंचाण्णव टक्के हा आकडाही या एका इंटरव्हलविषयी पैज लावत नाही. ही रीत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातले साधारण पंचाण्णव इंटरव्हल खऱ्या फरकाला कवेत घेतील, एवढं तो सांगतो.

आणि तो ‘खरा फरक’ कशाचा, हे तर सूत्राला ठाऊकच नसतं. दर आठवड्याची चाचणी एका वर्गात होती आणि दुसऱ्यात नव्हती, पण शिक्षकही वेगळे होते, तासाची वेळ वेगळी असेल, मुलांची वाटणी कशी झाली तेही माहीत नाही. एका बाजूला एकच वर्ग आणि दुसऱ्या बाजूला एकच वर्ग असला की चाचणीचा परिणाम आणि वर्गाचा परिणाम एकमेकांत विरघळून जातात. शिवाय एका वर्गातली मुलं एकाच फळ्यावर, एकाच आवाजात शिकतात. त्यांचे गुण पूर्णपणे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि हे सूत्र त्यांना स्वतंत्र मानतं. चाचणीविषयी विधान करायचं असेल तर −०.४ ते १३.३ हा इंटरव्हलसुद्धा अरुंदच समजायला हवा. मुलांची संख्या वाढवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना आणखी वर्ग घेतल्याने ही अडचण सुटते.

अहवालासाठी आम्ही दोघांनी मिळून हे वाक्य ठरवलं: “वर्ग ‘अ’ची सरासरी वर्ग ‘ब’पेक्षा ६.४ गुणांनी जास्त आहे (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल −०.४ ते १३.३, वेल्चची रीत). प्रत्येकी एकच वर्ग असल्याने हा फरक साप्ताहिक चाचण्यांमुळे आहे असे यावरून म्हणता येत नाही.” त्यासोबत एक तळटीपही घातली की प्रमाण त्रुटी आणि ‘ब’ची सरासरी अस्पष्ट फोटोतून तपासणी करून वाचलेली आहे, आणि मूळ तक्ता मिळाल्यावर ती पडताळली जाईल. दोन्ही वर्गांच्या आधीच्या परीक्षेचे मुलागणिक गुण मिळतात का, हे त्या आता बघताहेत. ते मिळाले तर मुलं मुळातच किती पुढे-मागे होती ते हिशेबात घेता येईल, आणि हा इंटरव्हल बहुधा बराच आवळेल.